पाचवा सर्व्हर आला, तर किती डेटा हलवायचा?

समजा, १,२०० जीबी डेटा चार सर्व्हरांवर ठेवायचा आहे. कोणती नोंद कुठे आहे हे दरवेळी शोधत बसणे परवडत नाही, म्हणून ते गणिताने ठरवतात. नोंदीच्या नावावरून एक भलामोठा आकडा काढायचा, म्हणजे त्याचा हॅश. त्याला चारने भागायचे आणि उरलेली बाकी हाच सर्व्हरचा क्रमांक. ही पद्धत सोपी आणि जलद आहे, पण पाचवा सर्व्हर जोडेपर्यंतच. चारने भागून आणि पाचने भागून सारखीच बाकी उरते असे आकडे दर वीसमध्ये फक्त चार असतात. म्हणजे ८० टक्के नोंदींचा पत्ता बदलतो. एक सर्व्हर वाढवण्यासाठी ९६० जीबी इकडून तिकडे न्यावे लागतात. खरे तर पाचव्याच्या वाट्याला येणारे २४० जीबी हलले तरी पुरे असते.

यावरचा उपाय १९९७ मध्ये एमआयटीतल्या डेव्हिड कार्गर, टॉम लेटन, डॅनियल लुइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. त्याचे नाव कन्सिस्टंट हॅशिंग. लेटन आणि लुइन यांनी पुढच्याच वर्षी अकामाई ही कंपनी सुरू केली.

त्यांनी भागाकार सोडून दिला आणि आकड्यांचे वर्तुळ केले. ते घड्याळाच्या तबकडीसारखे समजू. हॅशवरून प्रत्येक नोंदीला साठपैकी एका मिनिटावर जागा मिळते आणि सर्व्हरही त्याच तबकडीवर बसतात. नियम एकच: नोंद जिथे पडेल तिथून काटे फिरतात त्या दिशेने पुढे जायचे आणि पहिला भेटेल तो तिचा सर्व्हर. समजा अ पाचव्या मिनिटावर आहे, ब पंधराव्या, क चाळिसाव्या आणि ड पन्नासाव्या. आता नवा इ तिसाव्या मिनिटावर आला, तर पंधरा ते तीस या पट्ट्यातल्या नोंदी तेवढ्या त्याच्याकडे जातील. दर मिनिटाला २० जीबी धरले, तर हे झाले ३०० जीबी. बाकीच्या नोंदी जागच्या हलत नाहीत.

पण हे ३०० जीबी आले कुठून? सगळे एकट्या क कडून. अ, ब आणि ड नुसते बघत बसले, आणि क ला नेहमीची कामे सांभाळून एवढा डेटा पाठवावा लागला. सर्व्हर काढताना तर याहून वाईट अवस्था होते. मूळच्या चौघांत क कडे २५ मिनिटे, म्हणजे ५०० जीबी आहेत. तो गेला की ते सगळे पुढच्या ड वर येऊन पडतात. आधी २०० जीबी सांभाळणारा ड आता ७०० जीबी घेऊन बसतो, आणि त्या भाराखाली तोही बसला तर पाळी अ ची. शिवाय पट्टे मुळातच असमान आहेत, कारण हॅश सर्व्हरांना सारख्या अंतरावर बसवत नाही.

व्हर्च्युअल नोड इथे कामाला येतात. प्रत्येक सर्व्हरला एकाऐवजी, समजा, शंभर जागा द्यायच्या: ‘क-१’, ‘क-२’ अशा नावांचे हॅश काढायचे आणि मिळतील त्या शंभर ठिकाणी क ला बसवायचे. आता तबकडीवर चौघांचे बारीक पट्टे एकमेकांत मिसळलेले असतात. लहानमोठ्या पट्ट्यांची सरासरी होते आणि प्रत्येकाकडे सुमारे ३०० जीबी येतात. फरक साधारण दहा टक्क्यांच्या आसपास राहतो. क गेला, तर त्याच्या शंभर पट्ट्यांपुढे कुठे अ असतो, कुठे ब, कुठे ड. तिघांवर सुमारे शंभर-शंभर जीबी येतात. पाचवा आला, तर चौघेही साठेक जीबी देतात आणि तेही एकाच वेळी, त्यामुळे काम लवकर उरकते.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. हलणारा एकूण डेटा सरासरीने कमी होतो तो वर्तुळामुळे. व्हर्च्युअल नोड ती सरासरी बदलत नाहीत. ते नशिबाचा भाग काढून टाकतात आणि ओझे सगळ्यांत वाटतात. कोणा एका सर्व्हरला किती हलवावे लागते, ते त्यांच्यामुळे कमी होते. ॲमेझॉनने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या डायनॅमो प्रणालीत हेच तंत्र होते. जास्त ताकदीच्या यंत्राला जास्त जागा देण्याची सोयही त्यातून झाली.

मग जागा हजारोंनी का देऊ नयेत? कॅसँड्रा या डेटाबेसमध्ये `num_tokens` या सेटिंगचे ठरलेले मूल्य अनेक वर्षे २५६ होते, ४.० आवृत्तीत ते १६ वर आणले. कारण प्रत्येक नोंदीच्या सहसा तीन प्रती वेगवेगळ्या सर्व्हरांवर असतात, आणि वाचण्या-लिहिण्यासाठी बहुधा त्यांतल्या दोन जाग्या लागतात. पट्टे फार मिसळले, की कोणतेही दोन सर्व्हर एकदम बंद पडले तरी कुठल्या ना कुठल्या पट्ट्याच्या दोन प्रती जातात आणि तेवढा डेटा हाताशी राहत नाही. जागा कमी असतील, तर अशा घातक जोड्याही कमी असतात.

वाटणी नीट झाली का, हे `nodetool status` या आज्ञेने दिसते: कोणत्या सर्व्हरकडे किती टक्के डेटा आहे, ते ती सांगते. पण टक्के सारखे आणि तरी एकच सर्व्हर धापा टाकत असेल, तर बहुधा एखाद्याच नोंदीला सगळी गर्दी आहे. एका नोंदीची जागा एकच. तिथे कितीही व्हर्च्युअल नोड वाढवले तरी उपयोग नाही.