सही न केलेला तिसरा

नाशिकच्या अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या वर्कशॉपचा मालक डोळ्यांसमोर आणा. त्याच्या हातातल्या परचेस ऑर्डरवर सही आहे एका परदेशी समूहाच्या भारतीय कंपनीची. ऑर्डरच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलंय की वाद झाल्यास तो लवादाकडे जाईल. पण ड्रॉइंग पाठवतात ते परदेशातल्या मूळ कंपनीचे इंजिनिअर. नमुना नापास तेच करतात आणि ‘आता काम थांबवा’ हा मेलही तिकडूनच येतो. पैसे अडकल्यावर भारतीय कंपनी हात वर करते आणि मूळ कंपनी विचारते, ‘आमची सही कुठे आहे?’

हे उदाहरण कल्पनेतलं आहे. त्यातला प्रश्न मात्र मुंबईच्या एका कंपनीमुळे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापर्यंत गेला. ती कंपनी म्हणजे सहली आयोजित करणारी कॉक्स अँड किंग्ज.

या कंपनीकडे 2010 पासून एसएपी इंडियाचं सॉफ्टवेअर होतं. 2015 मध्ये ती ऑनलाइन व्यवसायासाठी स्वतःची यंत्रणा बनवत होती. तेव्हा एसएपी इंडियाने ‘हायब्रिस’ हे तयार सॉफ्टवेअर सुचवलं. कॉक्स अँड किंग्जच्या म्हणण्यानुसार, ते त्यांच्या गरजेशी 90 टक्के जुळतं आणि 10 महिन्यांत बसवून मिळेल, असं सांगण्यात आलं होतं. एकाच व्यवहारासाठी वेगवेगळे करार झाले. त्यांपैकी 30 ऑक्टोबर 2015 च्या सर्वसाधारण अटींच्या करारात लवादाचं कलम होतं. या करारांवर जर्मनीतल्या मूळ कंपनीची, म्हणजे एसएपी एसईची, सही नव्हती.

काम रखडलं, तेव्हा कॉक्स अँड किंग्जने थेट जर्मनीकडे दाद मागितली. तिथून उत्तरं आली, लक्ष घालण्याचं आश्वासनही मिळालं. तरीही गाडं पुढे सरकलं नाही. 15 नोव्हेंबर 2016 रोजी कॉक्स अँड किंग्जने व्यवहार रद्द करून सुमारे 45 कोटी रुपये परत मागितले. पुढच्या वर्षी एसएपी इंडियाने उलट सुमारे 17 कोटींच्या मागणीसाठी लवादाची नोटीस काढली. ऑक्टोबर 2019 मध्ये कॉक्स अँड किंग्ज दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि तो लवाद थांबला. नोव्हेंबरमध्ये कंपनीने नवी नोटीस दिली. या वेळी तिने जर्मन कंपनीलाही ओढलं आणि लवाद नेमण्यासाठी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला.

लवादाचा पाया संमती आहे. दिवाणी न्यायालयाचं समन्स कोणालाही निघू शकतं. लवादासमोर मात्र तोच येतो, ज्याने न्यायालयाऐवजी हा मार्ग मान्य केलेला असतो. त्यात कंपनी कायदा मूळ कंपनी आणि उपकंपनी यांना दोन स्वतंत्र व्यक्ती मानतो. मग एकीची सही दुसरीला कशी लागू होणार?

याचं एक उत्तर 1982 मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाच्या लवादाने डाऊ केमिकलच्या खटल्यात दिलं होतं. समूहातल्या ज्या कंपन्यांनी करार घडवण्यात आणि पार पाडण्यात प्रत्यक्ष भाग घेतला, त्या सही नसली तरी लवाद कलमाच्या कक्षेत येतात, असं त्या लवादाने ठरवलं. ‘कंपनी समूहाचं तत्त्व’ म्हणतात ते हेच. भारतात ते 2012 मध्ये आलं, आणि तेही मुंबईच्याच क्लोरो कंट्रोल्सच्या खटल्यातून. तिथे संयुक्त उपक्रमाचे अनेक करार एका मुख्य कराराभोवती गुंफलेले होते. सर्वोच्च न्यायालयाने सगळ्यांना एकाच लवादाकडे पाठवलं. पण त्यासाठी आधार घेतला तो लवाद कायद्यातल्या ‘पक्षकारामार्फत किंवा त्याच्या हक्काने दावा करणारा’ या शब्दांचा, आणि गोंधळ तिथेच झाला.

6 डिसेंबर 2023 रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या घटनापीठाने हा गोंधळ निस्तरला. न्यायमूर्ती नरसिंह यांनी सहमतीचं स्वतंत्र निकालपत्र लिहिलं. तत्त्व कायम राहिलं, पण त्याचा आधार बदलला. दुसऱ्याच्या हक्काने येणारा माणूस त्या दुसऱ्याच्या जागी उभा राहतो, त्याचा स्वतःचा वेगळा हक्क नसतो. समूहातली कंपनी मात्र स्वतःच्या वागण्यातून स्वतःची संमती देते, म्हणून ती स्वतःच पक्षकार ठरते. लवाद करार लेखी हवा, पण त्यावर प्रत्येकाची सही हवीच असं कायदा म्हणत नाही.

हा फरक नाशिकच्या व्यवहारांत सहज दिसतो. जमीनमालकाने बिल्डरशी विकसन करार केला, त्यात लवादाचं कलम आहे आणि मालक वारला. लवाद कायद्याचं कलम 40 सांगतं की मृत्यूने लवाद करार संपत नाही. वारसांनी सही केली नव्हती, तरी ते वडिलांच्या जागी येतात, आणि देणं लागलंच तर ते मिळालेल्या मिळकतीपुरतंच. द्राक्ष निर्यातदाराने येणं बाकी असलेली रक्कम एखाद्या वित्तसंस्थेच्या नावे केली, तर वसुलीचा हक्क घेणाऱ्या त्या संस्थेला त्याच करारातलं लवादाचं कलमही सोबत घ्यावं लागतं. गोडाचा घास तेवढा घ्यायचा आणि कडू टाकायचं, असं तिला करता येत नाही.

एजंटाचं थोडं वेगळं आहे. त्याने अधिकाराने सही केली की बांधला जातो मालक, एजंट नव्हे. पण करार कायद्याच्या कलम 230 मध्ये एक अपवाद आहे, आणि लासलगावच्या कांदा व्यापाऱ्यांनी तो वाचून ठेवावा. परदेशी व्यापाऱ्यासाठी मालाची खरेदी-विक्री करणारा एजंट, उलट काही ठरलेलं नसेल तर, स्वतःही बांधील असल्याचं गृहीत धरलं जातं.

वारस किंवा हक्क घेणारा यांच्याबाबत प्रश्न कागदांवरच सुटतो. वारसाची नोंद किंवा हस्तांतराचा दस्त पुरतो. समूहातल्या कंपनीबाबत वर्तन सिद्ध करावं लागतं, आणि ते काम खरं जिकिरीचं आहे. दोन्ही कंपन्यांचा लोगो एक, संचालक तेच, शेअर्स मूळ कंपनीकडे, एवढं दाखवून भागत नाही. कंपन्यांचं नातं, सर्वांचा समान हेतू, विषयाची एकता, व्यवहार परस्परांत गुंतलेला असणं आणि कराराची अंमलबजावणी हे सगळं न्यायालय एकत्रित पाहतं. वाटाघाटी, अंमलबजावणी किंवा करार संपवणं यांत त्या कंपनीचा सहभाग थेट आणि भरीव असावा लागतो. एखाद्या बैठकीला हजेरी लावणं किंवा शुभेच्छेचा मेल पाठवणं यातून संमती निघत नाही. हा उंबरठा उंच ठेवला हे योग्यच झालं. नाहीतर उपकंपनी काढून जोखीम मर्यादित ठेवण्याच्या हक्कालाच अर्थ उरणार नाही.

कॉक्स अँड किंग्जला मात्र अंतिम उत्तर लगेच मिळालं नाही. 9 सप्टेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती मोहित शहा यांना लवाद नेमलं. जर्मन कंपनी बांधील आहे की नाही हा पुराव्याचा गुंतागुंतीचा प्रश्न आहे, तो लवादानेच ठरवावा, असं सांगितलं. नेमणुकीच्या टप्प्यावर न्यायालय फक्त वरवर पाहतं.

त्यामुळे सातपूरच्या त्या वर्कशॉपमालकाने मूळ कंपनीकडून आलेला प्रत्येक मेल, मंजूर केलेलं ड्रॉइंग आणि बैठकीचं टिपण ऑर्डरच्याच फाईलला लावून ठेवावं. त्याहून बरं म्हणजे, ऑर्डर घेतानाच मूळ कंपनीची सही मागावी.