आधी खोका उघडा, मग कव्हर दाखवा

मोबाइलच्या दुकानात फोनवर मिळणारा नफा तुटपुंजा असतो. चार्जर, कव्हर आणि टेम्पर्ड ग्लासवर तो बराच जास्त सुटतो. म्हणून फोन पसंत पडला की काउंटरवरचा मुलगा लगेच ग्लास हातात घेतो आणि दर न सांगताच विचारतो, "लावून देऊ ना?" एकदा काच चिकटली की गिऱ्हाइकाला नाही म्हणता येत नाही. दबाव सुरू होतो तो इथे.

त्याऐवजी आधी गिऱ्हाइकासमोर खोका उघडावा. काही फोनसोबत कव्हर येते, काहींच्या स्क्रीनवर कंपनीनेच फिल्म लावलेली असते, तर सॅमसंगच्या बऱ्याच फोनसोबत आता चार्जर येत नाही. काय आहे आणि काय नाही हे दोघांनी पाहिले की पुढचा प्रश्न आपोआप निघतो: "काका, घरी चार्जर कोणता आहे?"

समजा, फोन २५ वॅटचा आहे आणि दुकानात चार्जर १,२९९, कव्हर २९९ आणि ग्लास १९९ रुपयांना आहे. सुटे घेतले तर १,७९७ होतात, कॉम्बो १,४९९ ला. काकांच्या जुन्या चार्जरवर '५ व्होल्ट, २ अँपिअर' असे छापलेले असेल, तर तो १० वॅटचा. फोन त्यावरही चार्ज होईल, पण वेळ बराच जास्त लागेल. रात्रभर फोन चार्जिंगला ठेवणाऱ्याचे त्यावर भागते, आणि हे त्यांना सांगायला हवे. दिवसभर बाहेर फिरणाऱ्याला मात्र नवा चार्जर खरोखर उपयोगी पडतो. तो पीपीएस प्रकारचा आहे ना, हे पाहावे. नसेल तर वर २५ वॅट लिहिलेले असूनही सॅमसंगचा फोन तो वेग घेत नाही. काउंटरवरच जोडून स्क्रीनवर 'Super fast charging' उमटते का ते दाखवले, की वेगळे पटवावे लागत नाही.

घरी योग्य चार्जर असेल, तर काकांचे काम कव्हर आणि ग्लासच्या ४९८ रुपयांत होते. म्हणून कॉम्बोच्या पाटीवर तिन्हींचे सुटे दरही लिहिलेले असावेत. कॉम्बो घेतल्याशिवाय फोन देणार नाही, असे म्हणणे तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात निर्बंधित व्यापारी प्रथेत मोडते.

ग्लासचेही तसेच. वक्र कडांच्या स्क्रीनवर साधी सपाट काच कडेला उचलली जाते. स्क्रीनखाली फिंगरप्रिंट सेन्सर असेल तर काच लावल्यावर बोट पुन्हा नोंदवावे लागते, आणि जाड काचेखाली ते कधीकधी ओळखलेही जात नाही. लावण्याआधी हे सांगितले नाही, तर गिऱ्हाईक चार दिवसांनी फोनच बिघडलाय म्हणून परत येते.

मालकाने मुलांना नगावर इन्सेंटिव्ह ठेवला की ही सारी पथ्ये महिनाअखेरीस मोडतात. परत आलेला माल त्या हिशेबातून वजा केला, तर मुलगा विकण्याआधी आपणहून विचारू लागतो.