लोन एजंटला बिलं पाठवण्याआधी

भोसरी, सातपूर किंवा शिरोलीच्या एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपला खेळतं भांडवल हवं असलं, की मालक बऱ्याचदा थेट बँकेत जात नाही. कुणीतरी ओळखीचा लोन एजंट सुचवतो आणि त्याचा पहिला व्हॉट्सॲप मेसेज ठरलेला असतो: सहा महिन्यांची विक्रीची बिलं, पॅन, आधार आणि कॅन्सल्ड चेक पाठवा. मालक टॅलीतून पीडीएफ काढतो आणि पंधरा-वीस बिलं एकदम पाठवून मोकळा होतो. एजंट ती दोन-चार बँकांना आणि फायनान्स कंपन्यांना धाडतो, कधी आणखी एखाद्या उपएजंटामार्फत. त्यानंतर ती बिलं कुणाकुणाच्या फोनमध्ये आहेत, हे मालकाला कधीच कळत नाही.

यावर हमखास ऐकू येणारं उत्तर म्हणजे, ‘खाते नंबर दिला तर लोक पैसे भरतील, काढणार कसे?’ हे अर्धंच खरं आहे. नुसत्या खाते क्रमांकावर कुणी पैसे काढू शकत नाही. पण बिलावर नुसता खाते क्रमांक नसतो.

समजा, एका वर्कशॉपने चाकणच्या कंपनीला दोन लाखांचे मशीन केलेले सुटे भाग दिले. 18 टक्के जीएसटी धरून बिल झालं 2,36,000 रुपयांचं, मुदत 45 दिवसांची. त्या एका पानावर वर्कशॉपचं लेटरहेड, बिल क्रमांकाची पद्धत, कंपनीच्या खरेदी ऑर्डरचा क्रमांक, रक्कम, मुदत, बँकेचा तपशील आणि खाली सही-शिक्का असतो. हे पान भलत्याच्या हाती पडलं तर त्याला वर्कशॉपच्या खात्याला हात लावायची गरजच नाही. तो अगदी तसंच बिल बनवतो, खाते क्रमांक तेवढा स्वतःचा टाकतो आणि चाळिसाव्या दिवशी कंपनीच्या अकाउंट्स विभागाला मेल करतो: आमची बँक बदलली आहे, या बिलाचे पैसे नव्या खात्यात भरा. मेलचा पत्ता एखाद्या अक्षराच्या फरकाने खऱ्यासारखाच असतो. ऑर्डर क्रमांक बरोबर, रक्कम बरोबर, सही ओळखीची. शंका यावी तरी कशाची?

एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये पैसे खाते क्रमांकावरूनच जमा होऊ शकतात, नाव जुळलंच पाहिजे असं नाही. म्हणून तर रिझर्व्ह बँकेने पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दिसण्याची सोय 1 एप्रिल 2025 पर्यंत द्यायला बँकांना सांगितलं. पण दिसलेलं नाव वाचायचं काम माणसाचंच आहे, आणि महिन्याअखेरीस शंभर पार्ट्यांची देणी सोडणारा कारकून ते वाचेलच असं नाही. वर्कशॉपच्या मालकाला हे कळतं पन्नासाव्या दिवशी, तो तगादा लावायला फोन करतो तेव्हा. समोरून उत्तर येतं, ‘पैसे तर गेले.’

म्हणून एजंटला नेमकं काय लागतं, ते आधी पाहावं. तुम्हाला किती कर्ज बसेल हा अंदाज जीएसटी रिटर्न, आयकर विवरणपत्र आणि बँक स्टेटमेंटवरून निघतो. बिलं पाहायची ती गिऱ्हाइकं कोण आहेत आणि धंदा खरा आहे का, एवढ्यासाठी. त्याला बिल क्रमांक, तारीख, गिऱ्हाइकाचं नाव, मालाचं वर्णन आणि एकूण रक्कम पुरते. बँकेचा तपशील, यूपीआयचा क्यूआर कोड, सही-शिक्का, खरेदी ऑर्डरचा क्रमांक आणि गिऱ्हाइकाकडच्या माणसाचा मोबाइल या टप्प्यावर कुणालाही लागत नाही. क्यूआर कोड लोक विसरतात. त्याच्या आत यूपीआय आयडी असतो आणि तो पुष्कळदा मालकाचा मोबाइल नंबरच असतो.

एक गोष्ट मात्र झाकून झाकता येत नाही. काही जण बिलावरचा पॅन खोडतात आणि जीएसटी क्रमांक तसाच ठेवतात. 27ABCDE1234F1Z5 हा नमुना पाहा. पहिले दोन अंक राज्याचे, 27 म्हणजे महाराष्ट्र, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे आख्खा पॅन. धंदा एकट्याच्या मालकीचा असेल, तर तो मालकाचा वैयक्तिक पॅन असतो. जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर कुणालाही तपासता येतो, तेव्हा तो लपवण्यात अर्थ नाही. पण त्यामुळेच पॅनच्या जोडीला आधार आणि सही फुकटात देऊ नये. तिन्ही एकत्र आली की तुमच्या नावाने अर्ज भरणं सोपं होतं. प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एकदा स्वतःचा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. एजंट नेमल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी तो मागवून, आपण न केलेल्या अर्जांच्या चौकशा त्यात दिसतात का, ते पाहावं.

आता झाकायचं कसं? पीडीएफवर काळा चौकोन ओढला की काम झालं असं वाटतं, पण कित्येकदा खालचा मजकूर जिवंत राहतो. फाइल संगणकावर उघडा, Ctrl+A आणि मग Ctrl+C दाबा, नोटपॅडमध्ये Ctrl+V करा. काळ्या पट्टीखालचा खाते क्रमांक तिथे उमटला, तर काहीच झाकलं गेलेलं नाही. फोनमधल्या मार्करचंही तसंच. त्याची शाई अर्धपारदर्शक असते, फोटोचा उजेड वाढवला की आकडे दिसू लागतात. सगळ्यांत पक्का उपाय म्हणजे तो तपशील छापायचाच नाही. जीएसटी नियमांतल्या 46व्या नियमात बिलावर काय हवं याची यादी आहे, तीत बँक खातं नाही. टॅलीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये बँकेचा तपशील बंद करून वेगळी प्रत काढता येते. हे जमत नसेल, तर छापील बिलावर कागदाची पट्टी चिकटवून झेरॉक्स काढावी आणि ती स्कॅन करून पाठवावी. वर तिरप्या ओळीत ‘फक्त अमुक बँकेच्या कर्ज अर्जासाठी, अमुक एजंटला दिलेली प्रत’ असं तारखेसह लिहावं. हे समासात नको, कापून टाकता येतं. ते रकमेवरूनच जाऊ द्यावं, आकडा वाचता येईल इतकं फिकट. आणि झाकणं वेगळं, बदलणं वेगळं. रक्कम किंवा तारीख बदलली, तर तो तुमचाच गुन्हा ठरतो.

बिलावरच पैसे उचलायचे असतील, म्हणजे बिल डिस्काउंटिंग, तर झाकलेली प्रत चालत नाही. डिजिटल सही असलेल्या पीडीएफला हात लावला की सही अवैध दाखवते, आणि कर्ज देणाऱ्याला बिल पडताळून पाहायचंच असतं. तिथे पूर्ण बिल द्यावं, पण थेट त्या संस्थेला, एजंटमार्फत नाही. मोठ्या कंपन्यांच्या बिलांसाठी रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालणारे ट्रेड्स प्लॅटफॉर्म आहेत. तिथे खरेदीदार कंपनी स्वतः बिल मान्य करते आणि मध्ये एजंट लागत नाही. कॅन्सल्ड चेकही कर्ज मंजूर झाल्यावर थेट बँकेलाच द्यावा, आणि त्यावर सही करू नये.

बिलं आधीच पाठवून बसला असाल, तर ज्यांच्याकडून येणं आहे त्या प्रत्येक पार्टीच्या अकाउंट्स विभागाला आज फोन करा. आमचं खातं बदललेलं नाही, आणि कधी बदललंच तर मेलवर विश्वास न ठेवता माझ्या याच नंबरवर विचारा, असं सांगा. पैसे चुकीच्या खात्यात गेल्याचं कळलं, तर त्याच तासाला 1930 वर तक्रार करा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधीच ती गोठवता येते.