कितवी स्टेज? आधी तीन अक्षरं वाचा

कॅन्सरचं निदान झालं की घरातल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो, ‘कितवी स्टेज?’ उत्तर ‘चौथी’ असं आलं, की कित्येक घरांत उपचारांची उमेदच संपते. तोंडाच्या कॅन्सरमध्ये ही घाई फार महागात पडते. इथे चौथ्या स्टेजच्या अनेक रुग्णांचा आजार तोंड आणि मान यांच्या पलीकडे गेलेला नसतो आणि त्यांच्यावर आजार पूर्ण बरा करण्याच्या उद्देशानेच उपचार केले जातात. हे समजून घ्यायचं तर स्टेजचा आकडा ज्या तीन अक्षरांवरून काढतात, ती वाचता यायला हवीत.

टी म्हणजे मूळ गाठ, एन म्हणजे जवळच्या लसिकाग्रंथी, ज्यांना डॉक्टर ‘नोड’ म्हणतात, आणि एम म्हणजे फुप्फुस, हाडं, यकृत अशा दूरच्या अवयवांत झालेला प्रसार.

एक काल्पनिक रुग्ण घेऊ. पंचेचाळिशीतले गृहस्थ, बरीच वर्षं तंबाखू खाणारे. डाव्या गालाच्या आतली जखम महिना झाला तरी भरेना, म्हणून तुकडा तपासला, कॅन्सर निघाला. तपासणी आणि स्कॅननंतर डॉक्टरांनी कागदावर लिहिलं: cT2 N0 M0. गाठ सुमारे तीन सेंटीमीटरची, मानेत संशयास्पद नोड नाही, दूर प्रसार नाही. म्हणजे दुसरी स्टेज. सुरुवातीचं छोटं सी सांगतं, की हा अंदाज ऑपरेशनच्या आधीचा आहे.

टी ठरवताना फक्त लांबी-रुंदी मोजून भागत नाही. या पद्धतीच्या आठव्या आवृत्तीपासून तोंडाच्या कॅन्सरमध्ये गाठ किती खोल रुजली आहे हेही मोजतात. दोन सेंटीमीटरपर्यंतची गाठ पाच मिलीमीटरपेक्षा खोल गेली नसेल तर ती टी१. त्याहून खोल असेल, तर तेवढीच गाठ टी२ ठरते. गाठीने जबड्याच्या हाडात आत शिरकाव केला किंवा ती गालाच्या बाहेरच्या कातडीपर्यंत पोचली, तर ती टी४ ठरते. मग मानेत आणि दूर काहीही नसलं तरी स्टेज चौथीच लागते.

आपल्या रुग्णाच्या मानेत काही दिसत नाही. मग मान उघडायची कशाला? या प्रश्नाचं उत्तर मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या अभ्यासाने दिलं. तो 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांपैकी ज्यांचे नोड पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढले, त्यांच्यातले तीन वर्षांनी 80 टक्के हयात होते. नोड वाढल्यावरच मानेचं ऑपरेशन केलेल्यांत हे प्रमाण 67.5 टक्के होतं. स्कॅनमध्ये न दिसणारा कॅन्सर नोडमध्ये दडलेला असू शकतो. म्हणून गालातली गाठ भोवतीच्या निरोगी भागासह काढतात आणि त्याच वेळी त्या बाजूचे नोडही.

आठ-दहा दिवसांनी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट येतो: pT2 pN1. गाठ 2.8 सेंटीमीटर, खोली आठ मिलीमीटर आणि काढलेल्या नोडपैकी एका लहानशा नोडमध्ये कॅन्सर, पण तो नोडच्या आवरणाच्या आतच. दुसऱ्या स्टेजची आता तिसरी झाली. घरचे हबकतात, ‘पंधरा दिवसांत आजार वाढला?’ तसं नाही. तो नोड आधीपासूनच होता, सूक्ष्मदर्शकाखाली आता दिसला. पी म्हणजे काढलेला भाग तपासून केलेली नोंद, आणि पुढचे उपचार तिच्यावर ठरतात. आता डॉक्टर रेडिएशनचा विचार करतील. ते द्यायचं ठरलं, तर साधारणपणे ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं.

त्याच नोडमधला कॅन्सर आवरण फोडून बाहेर आला असता, तर तेवढ्याने नोंद pN2a आणि स्टेज चौथी झाली असती. तेव्हा शरीर झेपवू शकत असेल तर रेडिएशनसोबत केमोही सुचवतात. एम मात्र शून्यच राहिला असता.

चित्र खरोखर बदलतं ते एम१ लिहिलेलं असेल तेव्हा. तीही चौथीच स्टेज, पण तिथे सहसा मोठ्या ऑपरेशनऐवजी औषधोपचारांवर भर असतो आणि आजार आटोक्यात ठेवणं, त्रास कमी करणं हे उद्दिष्ट असतं. चौथ्या स्टेजचे अ, ब, क असे पोटभाग आहेत. दूर पसरलेला आजार फक्त क मध्ये येतो.

म्हणून डॉक्टरांना नुसता आकडा विचारून परत फिरू नका. टी, एन, एम प्रत्येकी किती, ही नोंद ऑपरेशनच्या आधीची की नंतरची, आणि उपचार आजार बरा करण्यासाठी आहेत की आटोक्यात ठेवण्यासाठी, हे तीन प्रश्न विचारा. उत्तरं फाइलमध्ये लिहून घ्या आणि मगच उपचारांचा निर्णय करा.