सहा सेकंदांचा तुकडा

पाहणाऱ्याला व्हिडिओ सलग वाटतो, पण फोनपर्यंत तो तुकड्यातुकड्यांनी येतो. प्रत्येक तुकडा म्हणजे काही सेकंदांची वेगळी फाईल. वेबपानावरचे चित्र मागवावे तशी ती मागवली जाते. अ‍ॅपलने २००९ मध्ये आणलेली एचएलएस ही पद्धत याच कल्पनेवर उभी आहे आणि तिच्यासाठी अ‍ॅपलची आजची शिफारस सहा सेकंदांच्या तुकड्यांची आहे. तुकडे याहून छोटे केले तर मागण्या वाढतात आणि फाईलही जड होते. मोठे केले तर नेटचा वेग बदलला तरी दर्जा लवकर बदलता येत नाही.

फोनवर १०८०पी दर्जात चित्रित केलेला दहा मिनिटांचा व्हिडिओ घेऊ. सेकंदाला १७ मेगाबिट धरले, तर तो सुमारे सव्वा जीबी भरतो. एवढी फाईल एका दमात पाठवायला गेल्यास नव्वद टक्क्यांवर नेट तुटले की सारे पाणी फिरते. म्हणून अपलोड करतानाच तिचे भाग पाडतात. कोणते भाग पोचले याची नोंद सर्व्हर ठेवतो आणि नेट परत आले की उरलेलेच पाठवले जातात.

मूळ फाईल जशीच्या तशी प्रेक्षकांना देत नाहीत. तिच्या वेगवेगळ्या आकारांच्या आणि वजनांच्या आवृत्त्या तयार होतात. हे काम, म्हणजे ट्रान्सकोडिंग, वेळखाऊ असते. त्यामुळे व्हिडिओ कापून अनेक यंत्रांना एकाच वेळी वाटून देतात. पाच दर्जे ठरवले, तर आपल्या व्हिडिओचे प्रत्येक दर्जात शंभर, म्हणजे एकूण पाचशे तुकडे होतात. ते कुठे सापडतील हे एका साध्या मजकुरी यादीत लिहिलेले असते. दोनच दर्जे दाखवायचे तर ती यादी अशी दिसते:

```
#EXTM3U
#EXT-X-STREAM-INF:BANDWIDTH=5000000,RESOLUTION=1920x1080
1080p.m3u8
#EXT-X-STREAM-INF:BANDWIDTH=1200000,RESOLUTION=640x360
360p.m3u8
```

खरी गोम कापण्यात आहे. आकुंचित व्हिडिओत बहुतेक चौकटी पूर्ण नसतात. आधीच्या किंवा नंतरच्या चौकटीपेक्षा काय बदलले एवढेच त्यांत साठवलेले असते. स्वतःच्या बळावर उभी राहणारी पूर्ण चौकट म्हणजे कीफ्रेम. प्रत्येक तुकडा कीफ्रेमने सुरू व्हावा लागतो आणि ती सर्व दर्जांत नेमक्या त्याच क्षणी यावी लागते. एन्कोडरला मोकळे सोडले तर तो दृश्य बदलेल तिथे आपल्या मर्जीने कीफ्रेम टाकतो. मग दोन दर्जांचे तुकडे जुळत नाहीत आणि चित्र उडी मारते किंवा आवाज क्षणभर तुटतो. हा दोष ओळखायची खूण सोपी आहे: एकच दर्जा धरून ठेवला तर सारे सुरळीत चालते, अडखळते ते फक्त दर्जा बदलताना.

दर्जा कधी बदलायचा हे सर्व्हर नव्हे, प्रेक्षकाच्या फोनमधला प्लेअर ठरवतो. त्याच्याकडे दोन मापे असतात: मागचा तुकडा किती वेगाने उतरला आणि पुढचे किती सेकंद बफरमध्ये शिल्लक आहेत. समजा, शिल्लक २० सेकंदांची आहे आणि गाडी बोगद्याजवळ आल्याने वेग २ मेगाबिटवर घसरला. ५ मेगाबिटच्या दर्जाचा सहा सेकंदांचा तुकडा उतरायला आता १५ सेकंद लागतात. तेवढ्यात १५ सेकंद पाहून होतात, सहाची भर पडते आणि शिल्लक ११ वर येते. पुढचा तुकडाही तसाच मागवला, तर तो पोचण्याआधी शिल्लक संपेल आणि पडद्यावर चकरी फिरू लागेल. म्हणून प्लेअर १.२ मेगाबिटचा दर्जा निवडतो. तो तुकडा ३.६ सेकंदांत येतो आणि शिल्लक १३.४ होते. चित्र धूसर होते, पण थांबत नाही. वेग सुधारताच लगेच वर उडी न मारता चांगला प्लेअर थोडा धीर धरतो, कारण सतत खालीवर होणारे चित्र एकसारख्या मध्यम चित्रापेक्षा जास्त खुपते.

राहता राहिला पोचवण्याचा प्रश्न. फायबरमध्ये प्रकाश मिलिसेकंदाला सुमारे २०० किलोमीटर जातो. सर्व्हर १३,००० किलोमीटरवर असेल, तर नुसत्या जाण्यायेण्याला किमान १३० मिलिसेकंद लागतात आणि प्रत्येक मागणीला ते लागतातच. यावर उपाय म्हणजे प्रेक्षकांजवळच्या सर्व्हरांवर प्रती ठेवणे. या जाळ्याला सीडीएन म्हणतात. तुकडा ही साधी, न बदलणारी फाईल असल्याने ती तिथे बिनधास्त साठवता येते. नेटफ्लिक्स तर ‘ओपन कनेक्ट’ नावाची स्वतःची यंत्रे थेट इंटरनेट कंपन्यांच्या केंद्रांत बसवते आणि वर्दळ कमी असताना ती भरून ठेवते.

मात्र साठा मर्यादित असतो. नवा, गाजणारा व्हिडिओ एकाच क्षणी हजारोंनी मागितला आणि तुकडा जवळच्या सर्व्हरवर नसला, तर त्या साऱ्या मागण्या मूळ सर्व्हरवर आदळू शकतात. म्हणून जवळचा सर्व्हर एकच मागणी पुढे पाठवतो आणि बाकीच्यांना उत्तर येईपर्यंत थांबवून ठेवतो. क्वचितच कोणी पाहणारा जुना व्हिडिओ असेल, तर पहिल्या प्रेक्षकाला तो लांबूनच मागवावा लागतो. पाठोपाठ आलेल्या दुसऱ्याला तो जवळच मिळतो, पण काही दिवस कोणी फिरकले नाही की तो साठ्यातून पुन्हा हटवला जातो.