जुन्या फोनवरील व्हॉट्सॲप का बंद पडते?

५ मे २०२५ या दिवशी आयफोन ५एस, आयफोन ६ आणि आयफोन ६ प्लस या तीन फोनांना व्हॉट्सॲपने दिलेला आधार संपला. हे फोन मोडलेले नव्हते. त्यांवरून बोलता येत होते, छायाचित्रे काढता येत होती, इंटरनेटही चालत होते. बंद पडले ते केवळ व्हॉट्सॲप. परदेशी असलेल्या मुलांशी आणि नातवंडांशी ज्यांचा रोजचा संवाद याच मार्गाने होतो, अशा ज्येष्ठांच्या मनात साहजिकच प्रश्न येतो : “आम्ही फोनला काहीच केले नाही, मग हे बंद कसे पडले?” या प्रश्नाचे उत्तर आम्ही येथे सोप्या शब्दांत देण्याचा प्रयत्न करीत आहोत. फोनमध्ये साठलेल्या जुन्या संदेशांच्या दृष्टीने हे उत्तर वेळेवर माहीत असणे फार अगत्याचे आहे.

फोनची कार्यप्रणाली

प्रत्येक स्मार्टफोनमध्ये एक मूळ व्यवस्था असते. तिला कार्यप्रणाली म्हणतात. आयफोनमध्ये तिचे नाव आयओएस, तर इतर बहुतेक फोनांमध्ये अँड्रॉइड. व्हॉट्सॲप स्वतः कॅमेरा चालवीत नाही, घंटी वाजवीत नाही किंवा छायाचित्र साठवीत नाही. ही कामे ते कार्यप्रणालीला सांगते आणि कार्यप्रणाली ती करून देते.

कार्यप्रणालीची नवी आवृत्ती येते तेव्हा तिच्यात ही कामे करण्याच्या काही नव्या पद्धती येतात. उदाहरणार्थ, २०१५ साली आलेल्या अँड्रॉइड ६.० पासून ‘कॅमेरा वापरू का?’, ‘मायक्रोफोन वापरू का?’ अशी परवानगी ॲपला प्रत्यक्ष वापराच्या वेळी मागता येऊ लागली. त्यापूर्वी या सर्व परवानग्या ॲप फोनमध्ये घेतानाच एकदम द्याव्या लागत. म्हणजे जुन्या आणि नव्या अशा दोन्ही फोनांवर चालायचे असेल तर त्याच कामासाठी ॲपमध्ये दोन वेगवेगळे मार्ग ठेवावे लागतात आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर दोन्ही तपासून पाहावे लागतात. जुन्या प्रणालीवरील लोकांची संख्या घटत गेली की केव्हातरी जुना मार्ग काढून टाकला जातो. त्यानंतरचे ॲप जुन्या फोनवर चढत नाही. तीन पिनांचा प्लग दोन छिद्रांच्या सॉकेटमध्ये बसत नाही, तसाच हा प्रकार आहे. प्लगमध्येही दोष नसतो आणि सॉकेटमध्येही नसतो.

कोणत्या प्रणाली सर्वांत जुन्या आहेत आणि त्या वापरणारे किती थोडे उरले आहेत, याचा आढावा आपण दरवर्षी घेतो, असे व्हॉट्सॲपने जाहीर केले आहे. त्यानुसार ब्लॅकबेरीच्या जुन्या फोनांवरील सेवा २०१७ च्या अखेरीस आणि विंडोज फोनवरील सेवा २०१९ च्या अखेरीस थांबली. २४ ऑक्टोबर २०२३ पासून अँड्रॉइड ५.० पेक्षा जुन्या प्रणाली वगळण्यात आल्या. ५ मे २०२५ रोजी आयफोनसाठीची किमान मर्यादा आयओएस १५.१ अशी झाली.

सारखे दिसणारे दोन फोन

ही मर्यादा प्रत्यक्षात कशी लागू झाली, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, एका घरात आजोबांकडे आयफोन ६ आहे आणि आजीकडे आयफोन ६एस. पहिला २०१४ साली बाजारात आला, दुसरा २०१५ साली. आकार, काच, बटणे, सारे जवळजवळ सारखेच. तरीही मे २०२५ मध्ये आजोबांचे व्हॉट्सॲप गेले आणि आजीचे राहिले.

आयफोन ६ आला तो आयओएस ८ घेऊन. पुढे दरवर्षी त्याला नवी आवृत्ती मिळत गेली आणि २०१८ साली तो आयओएस १२ पर्यंत पोहोचला. २०१९ साली आयओएस १३ आली तेव्हा ॲपल कंपनीने हा फोन यादीतून वगळला. आयफोन ६ मध्ये कामाची स्मृती १ जीबी आहे, तर ६एस मध्ये २ जीबी आणि अधिक वेगवान प्रोसेसर आहे. आयओएस १३ च्या वेळी १ जीबी स्मृतीचे सारेच आयफोन मागे राहिले. ६एस मात्र आयओएस १५ पर्यंत गेला. आयफोन ६ ला त्यानंतरही अधूनमधून सुरक्षेच्या किरकोळ दुरुस्त्या मिळाल्या, परंतु आयओएस १२ ची वेस त्याला ओलांडता आली नाही. म्हणून व्हॉट्सॲपची मर्यादा १५.१ वर आली तेव्हा आजोबांसमोर अद्ययावत करण्याचा मार्गच उरला नव्हता. फोन वगळण्याचा निर्णय २०१९ साली झाला होता, त्याचा परिणाम सहा वर्षांनी दिसला.

जुनीच प्रत का चालू राहत नाही?

येथे कोणी विचारील की नवे ॲप नको असेल, तर फोनमध्ये आधीपासून असलेले जुनेच का चालू नये? गणकयंत्राचे किंवा खेळाचे जुने ॲप वर्षानुवर्षे चालते, हे खरेच आहे. व्हॉट्सॲपचे तसे नाही. त्याच्या प्रत्येक आवृत्तीला मुदत असते. ती काही महिन्यांची असते आणि नवी आवृत्ती घेतली की पुढे सरकते. बहुतेक फोनांत नवी आवृत्ती आपोआप येत असल्यामुळे ही मुदत आपल्या ध्यानातही येत नाही. जुन्या फोनला नवी आवृत्ती मिळत नाही, त्यामुळे त्याच्यातील शेवटच्या प्रतीची मुदत संपते. काही जुन्या फोनांवर ॲप स्टोअर ‘या फोनला चालेल अशी जुनी आवृत्ती घ्या’ असे सुचविते. इतर ॲपच्या बाबतीत हा उपाय उपयोगी पडतो, परंतु व्हॉट्सॲपची जुनी आवृत्ती आधीच मुदतबाह्य झालेली असते.

मुदत ठेवण्यामागे मुख्य कारण सुरक्षेचे आहे. मे २०१९ मध्ये व्हॉट्सॲपच्या कॉल करण्याच्या भागात एक गंभीर दोष उघडकीस आला. फोनवर केवळ एक कॉल करून, तो उचलला गेला नाही तरीही, त्यात हेरगिरीचा प्रोग्राम शिरविता येत होता. सुमारे १४०० जणांना अशा प्रकारे लक्ष्य करण्यात आले होते आणि त्यांत भारतातील पत्रकार व सामाजिक कार्यकर्तेही होते. व्हॉट्सॲपने दुरुस्त आवृत्ती तातडीने काढली. परंतु दुरुस्ती ज्या फोनवर चढू शकते, त्याच फोनचे संरक्षण होते. शिवाय संदेशाला दोन टोके असतात. आपला फोन सुरक्षित असून समोरच्याचा फोन असुरक्षित असेल, तर आपण पाठविलेला मजकूर त्या टोकाला वाचला जाऊ शकतो.

बिघाड नेमका कोणता?

व्हॉट्सॲप उघडले नाही म्हणजे दर वेळी फोन जुना झाला असे मानू नये. फोनमधील तारीख चुकलेली असली तरीही ते अडते. बॅटरी पूर्ण उतरून फोन पुन्हा सुरू झाल्यावर काही वेळा असे होते. तारीख व वेळ दुरुस्त केली की काम भागते. फोनमध्ये जागा उरली नसेल तर नवी आवृत्ती उतरत नाही. तेव्हा नको असलेले व्हिडिओ काढून जागा करावी.

ही दोन्ही कारणे नसतील तर कार्यप्रणालीची आवृत्ती पाहावी. आयफोनवर Settings, मग General, मग About येथे ती दिसते. अँड्रॉइडवर Settings मध्ये About phone या ठिकाणी Android version पाहावे. त्यानंतर आयफोनवर General मधील Software Update येथे नवी आवृत्ती मिळते का ते पाहावे. अँड्रॉइडवरही Settings मध्ये अशीच सोय असते. मिळत असेल तर ती घ्यावी, फोन वाचेल. प्रणाली किमान मर्यादेच्या खाली असून नवी काहीच मिळत नसेल, तर त्या फोनवरील व्हॉट्सॲपचे आयुष्य संपले असे समजावे. अशा वेळी अनोळखी संकेतस्थळावरून मिळणारे ‘जुन्या फोनसाठीचे’ व्हॉट्सॲप घेऊ नये. ते मूळ कंपनीचे नसते, आपले संदेश कोणाच्या हाती जातील याची शाश्वती नसते आणि त्यामुळे आपले खातेही बंद केले जाऊ शकते.

संदेश कसे वाचवावेत?

खाते फोनशी नव्हे, तर आपल्या क्रमांकाशी जोडलेले असते. सिमकार्ड दुसऱ्या फोनमध्ये घालून सहा अंकी संकेतांक दिला की तेच खाते आणि त्याच क्रमांकाचे सारे गट परत मिळतात. मधल्या काळात आलेले संदेश ३० दिवसांपर्यंत थांबून राहतात आणि मग पोहोचतात.

जुन्या संदेशांची गोष्ट वेगळी आहे. पोहोचलेला संदेश व्हॉट्सॲप आपल्याकडे ठेवीत नाही. त्याची प्रत आपल्या फोनमध्ये असते. दिवंगत आईच्या आवाजातील एखादा निरोप त्या जुन्या फोनमध्ये असेल, तर तो कदाचित जगात तेथेच असेल. म्हणून मुदत संपण्याची सूचना पडद्यावर येताच, ॲप उघडत आहे तोवरच, प्रत काढून ठेवावी. व्हॉट्सॲपच्या Settings मध्ये Chats आणि त्यात Chat Backup हा पर्याय असतो. आयफोनची प्रत आयक्लाउडवर जाते आणि अँड्रॉइडची गूगलच्या खात्यावर. यापैकी एका ठिकाणची प्रत दुसऱ्या प्रकारच्या फोनवर उघडत नाही. आयफोन सोडून अँड्रॉइड घ्यायचा असेल तर संदेश थेट एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये न्यावे लागतात आणि त्यासाठी दोन्हींवर व्हॉट्सॲप चालू असावे लागते. एखाद्या व्यक्तीशी झालेला संवाद विशेष मोलाचा असेल तर Export Chat या पर्यायाने तो वेगळा काढून ईमेलने स्वतःलाच पाठवावा. तो पुन्हा व्हॉट्सॲपमध्ये घालता येत नाही, परंतु वाचता आणि ऐकता येतो.

ॲप आधीच बंद पडले असेल तर घाईने ते काढून टाकू नये. आयफोनवरून ॲप काढले की त्यातील संदेशही जातात. जुन्या अँड्रॉइड फोनवर मात्र WhatsApp या फोल्डरमधील Media मध्ये छायाचित्रे आणि WhatsApp Voice Notes मध्ये आवाजातील निरोप स्वतंत्रपणे साठलेले असतात. ॲप उघडत नसले तरी तो फोन संगणकाला जोडून ते उतरवून घेता येतात. त्यासाठी तो फोन कोणाला देऊन टाकण्यापूर्वी घरातील जाणत्या मुलाकडून हे फोल्डर एकदा अवश्य पाहून घ्यावेत.