पैसे आत्याचे, खातं कुणाचं?

साताऱ्याची माझी आत्या बँकेचं पासबुक दर महिन्याला भरून आणते आणि चष्मा लावून ओळ न् ओळ वाचते. गेल्या ऑगस्टमध्ये तिचा फोन आला. "अरे, हे एकशे नव्याण्णव रुपये कुठं जातात रे? दर महिन्याच्या बारा तारखेला जातात. दुकानदार म्हणतो गूगलचे आहेत. मी तर गूगलकडून काहीच घेतलं नाही."

आत्याचा आणि तिच्या सुनेचा पत्ता, लॉकडाऊनमध्ये शाळेने नातीला दिलेला ईमेल आणि नव्या फोनसोबत दुकानदाराने उघडून दिलेलं एक खातं, असे चार पत्ते तिच्या एका फोनमध्ये होते. असे फोन महाराष्ट्रात घरोघरी आहेत. फोन एकाच्या हातात असतो, सिम दुसऱ्याच्या नावावर असतं आणि खाती सगळ्या घराची असतात. मग एखादं सबस्क्रिप्शन सुरू राहिलं की ते नेमकं कुठल्या खात्यावर आहे, याचा पत्ता लागत नाही.

सबस्क्रिप्शनच्या मागे तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि आपण त्यांना एकच समजतो, सगळा घोळ तिथून सुरू होतो. पैसे ज्या बँकेतून जातात ते खातं ही एक. अ‍ॅप उघडल्यावर ज्या मोबाइल नंबराने किंवा ईमेलने आत शिरतो ते लॉगिन ही दुसरी. आणि खरेदीच्या क्षणी प्ले स्टोअरमध्ये जो जीमेल पत्ता होता तो तिसरी. सबस्क्रिप्शन या तिसऱ्याचं असतं. बँक आत्याची आणि अ‍ॅपमधलं लॉगिन आत्याच्या नंबराचं असलं, तरी सबस्क्रिप्शन सुनेच्या जीमेलवर असू शकतं. ते फोनचं तर कधीच नसतं. म्हणूनच अ‍ॅप काढून टाकलं तरी पैसे जात राहतात, फोन बदलला तरी जातात आणि खातं फोनमधून काढलं तरी जातात.

शोध मी आत्याच्या यूपीआय अ‍ॅपपासून सुरू केला, कारण तेवढं एक तिच्या हातात नक्की होतं. अशा अ‍ॅपमध्ये आपल्या फोटोवर किंवा नावावर बोट ठेवलं की ऑटोपे नावाची जागा सापडते. दर महिन्याला आपोआप पैसे कापायची जी जी परवानगी आपण दिलेली असते, तिची नोंद तिथं असते. आत्याच्या यादीत एकच नोंद होती : गूगल प्ले, १९९ रुपये, दरमहा, सुरुवात १२ नोव्हेंबर.

यातून दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे पैसे गूगल प्लेमार्फतच जात होते. तिथं अ‍ॅपच्या कंपनीचंच नाव असतं, तर प्ले स्टोअरमध्ये शोधण्यात अर्थ नव्हता. त्या कंपनीच्या अ‍ॅपमध्ये किंवा वेबसाइटवर जावं लागलं असतं. दुसरी गोष्ट सुरुवातीच्या तारखेची. आत्याने आताचा फोन जानेवारीत, संक्रांतीच्या सुमारास घेतला. म्हणजे सबस्क्रिप्शन आधीच्या फोनवर सुरू झालेलं होतं. जीमेल पत्ता मात्र या नोंदीत कुठंच नव्हता. यूपीआयला पैसे देणाऱ्याची बँक ठाऊक असते, प्ले स्टोअरचं खातं नाही.

मग प्ले स्टोअर उघडलं. वर उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर बोट ठेवायचं, "Payments & subscriptions" मध्ये जायचं आणि तिथून "Subscriptions" मध्ये. इथंच बहुतेकांची फसगत होते. ही यादी फोनची नसते, त्या घडीला प्ले स्टोअरमध्ये जो पत्ता निवडलेला आहे फक्त त्याची असते. यादी रिकामी दिसली की माणूस म्हणतो, "काहीच नाही," आणि फोन खाली ठेवतो. त्याच गोल चित्रावर परत बोट ठेवून नावाशेजारचा छोटा बाण दाबला, की फोनमधले बाकीचे पत्ते दिसतात. एकेक पत्ता निवडून तीच यादी पुन्हा उघडावी लागते. आम्ही चारही पाहिले. चारही रिकामे.

रिकाम्या यादीवरही लगेच विश्वास ठेवू नये, म्हणून मी पावत्या शोधल्या. गूगल प्लेवर खरेदी झाली की पावती त्याच जीमेलवर येते, आणि पुढं दर वेळी पैसे कापले गेले की पुन्हा येते. त्यामुळे ज्या पत्त्याच्या टपालात पावती सापडते, तेच खातं. जीमेलच्या शोधाच्या चौकटीत हे लिहायचं :

```
from:googleplay-noreply@google.com
```

हेही प्रत्येक पत्त्यात वेगळं करायचं. सुनेच्या टपालात दोन जुन्या पावत्या निघाल्या, पण त्या नातीच्या खेळाच्या होत्या आणि एकदाच भरलेल्या पैशांच्या. १९९ रुपयांची एकही नव्हती. म्हणजे जे खातं आम्ही शोधत होतो ते या फोनमध्ये नव्हतंच.

मी आत्याला विचारलं, "जुन्या फोनमध्ये कुठला ईमेल होता?" ती म्हणाली, "मला काय ठाऊक? दुकानातल्या पोरानं घातला होता." हे उत्तर मी इतक्या घरांत ऐकलं आहे! फोन विकत घेतला की दुकानातला मुलगा काउंटरवरच नवं जीमेल खातं उघडतो, पासवर्ड स्वतःच्या मनाने टाकतो आणि फोन चालू करून देतो. पुढच्या फोनच्या वेळी दुसरा मुलगा दुसरं खातं उघडतो. पहिलं कुणाच्याच लक्षात राहत नाही, पण गूगलच्या दप्तरी ते जिवंत असतं आणि सबस्क्रिप्शनही त्यासोबत चालू राहतं.

विसरलेला पत्ता शोधायची सोय आहे. गूगलच्या साइन-इनच्या पानावर "Forgot email?" दाबलं की ते खात्याला जोडलेला मोबाइल नंबर मागतं आणि मग खात्यावरचं नाव मागतं. नंबर आत्याचाच होता, तो दहा वर्षांत बदललेला नाही. नाव मात्र जुळेना. आत्याचं नाव आणि आडनाव इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहून पाहिलं. तेवढ्यात आत्याला आठवलं की जुन्या फोनचं बिल काकांच्या नावाने होतं. काकांचं नाव टाकलं आणि आत्याच्या नंबरावर कोड आला. कोड घातल्यावर पडद्यावर एक पत्ता उमटला : काकांचं नाव, आडनाव आणि पुढं चार आकडे. काकांनी आयुष्यात ईमेल वापरलेला नाही.

पासवर्डही त्याच नंबरावर कोड मागवून नवा केला, खातं फोनमध्ये जोडलं, प्ले स्टोअरमध्ये ते निवडलं आणि "Subscriptions" उघडलं. तिथं भजनांचं एक अ‍ॅप होतं. जाहिराती नकोत म्हणून आत्यानेच ते घेतलं होतं, तेही एकाच महिन्यासाठी, असं तिला वाटत होतं. नव्या फोनमध्ये ते अ‍ॅप कधी उतरवलंच नाही, म्हणून "अ‍ॅप नाही तर पैसे कसले?" हा तिचा प्रश्न तिच्या बाजूने रास्तच होता.

टपालातल्या पावत्यांवर ऑर्डर क्रमांक होते. ते GPA या अक्षरांनी सुरू होतात. पहिल्या खरेदीच्या क्रमांकाला शेपूट नसतं. पहिल्यांदा नूतनीकरण झालं की त्याच क्रमांकाच्या शेवटी ..0 लागतं, दुसऱ्यांदा ..1, आणि पुढं तसंच. ऑगस्टच्या पावतीवर ..8 होतं. म्हणजे नऊ नूतनीकरणं आणि पहिली खरेदी, असे १० हप्ते झाले. १९९ रुपयांप्रमाणे १,९९० रुपये. पासबुकातल्या नोंदी मोजल्या तर त्याही दहाच भरल्या, आणि शोध बरोबर ठिकाणी संपला याची खात्री पटली.

आम्ही सबस्क्रिप्शन रद्द केलं. रद्द केल्यावर भरलेला महिना संपेपर्यंत सेवा चालू राहते, लगेच बंद होत नाही, त्यामुळे यादीत नाव दिसलं तर घाबरायचं कारण नाही. गेलेले पैसे मात्र परत मिळाले नाहीत. खरेदीनंतरच्या ४८ तासांत गूगलकडे परतावा मागता येतो. त्यानंतर अ‍ॅप बनवणाऱ्यांकडेच मागावं लागतं, आणि द्यायचा की नाही हे त्यांच्या नियमांवर ठरतं.

"एवढी खटपट कशाला? बँकेतली परवानगीच मोडून टाकायची," असं आत्येभाऊ म्हणाला. ती मोडता येते, आणि खातं काही केल्या सापडलंच नाही तर शेवटी मोडावीच. पण त्याने फक्त तिथून पैसे जायचे थांबतात. सबस्क्रिप्शन त्या जीमेलवर लगेच रद्द होईलच असं नाही, आणि त्या खात्यात दुसरं कार्ड नोंदलेलं असलं तर पैसे तिकडून मागितले जाऊ शकतात. म्हणून आधी प्ले स्टोअरमध्ये रद्द करावं आणि मग ऑटोपेच्या यादीत नोंद गेली का ते पाहावं.

आयफोनवर "Settings" मध्ये सगळ्यात वरच्या नावावर बोट ठेवलं की "Subscriptions" सापडतं. तिथंही फोटो साठवणारं खातं एक आणि खरेदीचं खातं दुसरं, असं असू शकतं. हे "Media & Purchases" मध्ये कळतं. बाकीचं सूत्र तेच, पावती ज्या टपालात आली ते खातं.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधून त्यावर फोन करू नका. तिथं फसवणाऱ्यांनी पेरलेले नंबर असतात, आणि आत्याच्या फोनवर आला तसा कोड ते गोड बोलून काढून घेतात. तो कोड आपल्याच हाताने, आपल्याच फोनवर घालायचा असतो.

पैसे भरण्याआधी जी चौकट खालून वर येते, तिच्यावर जीमेल पत्ता लिहिलेला असतो. अ‍ॅप ज्या खात्यातून उतरवलं असेल, सहसा तेच खातं तिथं असतं. तो एकदा वाचून घ्या. आणि घरातला जुना फोन एक्स्चेंजमध्ये देणार असाल, तर दुकानात जाण्याआधी त्यातल्या प्रत्येक पत्त्याची "Subscriptions" यादी उघडून पाहा आणि ते पत्ते पासबुकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.